शंभराचा पाया आणि तीन कारखान्यांची वाढ

«शंभराचा आलेख ही आकड्यांची फसवणूक आहे. मोठ्या कारखान्याने १२० कोटी वाढवले, छोट्याने फक्त १८ कोटी, तरी छोट्याचीच रेघ वर दाखवतात. खरे आकडे पुसून टाकतात. आणि पायाभूत वर्ष सोयीने निवडले की हवे ते सिद्ध करता येते.»

शंभराचा आलेख म्हणजे प्रत्येक कारखान्याचा पायाभूत वर्षाचा आकडा शंभर धरून त्याची पुढची वाढ दाखवणारा आलेख, आणि त्यावर असा आक्षेप घेतला जातो. त्याच्या उत्तरासाठी मराठवाड्यात सहज आढळतील असे तीन उद्योग घेऊ. पहिली जालन्याची, बांधकामाच्या पोलादी सळया बनवणारी रोलिंग मिल, दुसरी लातूरची डाळ मिल आणि तिसरा वाळूजचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. २०१८-१९ मध्ये त्यांची वार्षिक उलाढाल अनुक्रमे ८००, ४० आणि १२० कोटी रुपये होती, २०२०-२१ मध्ये ती ६४०, ४६ आणि ७२ कोटी झाली आणि २०२३-२४ मध्ये ९२०, ५८ आणि १५० कोटींवर पोहोचली.

पहिला मुद्दा १२० आणि १८ कोटींचा आहे. रोलिंग मिलची १२० कोटींची वाढ ८०० कोटींवर झाली, म्हणजे १५ टक्के, आणि डाळ मिलची १८ कोटींची वाढ ४० कोटींवर झाली, म्हणजे ४५ टक्के. प्रत्येक वर्षाच्या आकड्याला त्याच कारखान्याच्या पायाभूत वर्षाच्या आकड्याने भागून शंभराने गुणले आणि असा निर्देशांक काढला की २०२३-२४ मध्ये डाळ मिल १४५ वर, सुटे भागांचा कारखाना १२५ वर आणि रोलिंग मिल ११५ वर येते. पहिल्या वर्षी शंभर रुपयांचा माल विकणारा आता किती रुपयांचा विकतो, एवढेच हे आकडे सांगतात. तिघांचे कोटी एकाच आलेखावर काढले असते, तर दहा सेंटिमीटर उंचीच्या आणि शून्य ते हजार कोटींच्या मोजपट्टीवर रोलिंग मिलची वाढ १२ मिलिमीटर दिसली असती आणि डाळ मिलची दोन मिलिमीटरपेक्षाही कमी. वाचकाने ती रेघ सपाट समजून सोडून दिली असती. कोटींचा आलेख आकारमानाची तुलना करतो आणि शंभराचा वाढीच्या वेगाची. कोणाचा प्रश्न वेगाचा असेल, तर त्याला कोटींच्या आलेखात उत्तर मिळत नाही.

आकडे पुसले जातात हे म्हणणे गणिताच्या दृष्टीने चुकीचे आहे, कारण एका मालिकेतील सर्व आकड्यांना एकाच संख्येने भागले की त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जसेच्या तसे राहते. नाहीशी होते ती फक्त आकारमानाची माहिती, आणि ती आलेखावरच परत देता येते. रेघेच्या नावाशेजारी «लातूरची डाळ मिल (१०० = ४० कोटी)» असे लिहिले की वाचकाला मूळ आकडा केव्हाही काढता येतो. ज्या आलेखावर ही नोंद नाही, त्याबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. वाचताना आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. डाळ मिलची रेघ २०२०-२१ मधील ११५ वरून १४५ वर गेली, तेव्हा ती ३० अंकांनी वाढली, पण टक्केवारीत ही वाढ सुमारे २६ आहे. रेघेवरचे अंक आणि टक्के फक्त पायाभूत वर्षापासून मोजताना सारखे असतात.

पायाभूत वर्षाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर सविस्तर बोलायला हवे. याच तीन कारखान्यांसाठी २०२०-२१ हे वर्ष शंभर धरून पाहा. सुटे भागांचा कारखाना २०८ वर, रोलिंग मिल १४४ वर आणि डाळ मिल १२६ वर येते. आधी पहिली असलेली डाळ मिल शेवटची झाली आणि क्रम पूर्ण बदलला, जरी मूळ आकड्यातला एकही रुपया बदललेला नाही. याचे कारण २०२०-२१ मध्येच आहे. २०२० च्या मार्चअखेर सुरू झालेल्या टाळेबंदीत वाहनांचे कारखाने बंद राहिले आणि बांधकामेही थांबली, पण डाळ अत्यावश्यक वस्तू असल्यामुळे तिची गिरणी चालू राहिली. खड्ड्यात उतरलेल्याला तिथून वर येताना मोजले की तो फार चढलेला दिसतो. आपल्याकडे २०१५-१६ हेही असेच वर्ष आहे. त्या दुष्काळात लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. शेतमालावर चालणाऱ्या उद्योगाचा आलेख कोणी त्या वर्षापासून सुरू केला असेल, तर तेच वर्ष का घेतले हे विचारल्याशिवाय तो मान्य करू नये.

अशी निवड ओळखण्यासाठी आलेख पायाभूत वर्षाच्या डावीकडे वाढवून पाहावा. २०२०-२१ ला शंभर धरल्यावर सुटे भागांच्या कारखान्याची रेघ २०१८-१९ मध्ये १६७ वर, रोलिंग मिलची १२५ वर आणि डाळ मिलची ८७ वर दिसते. सुटे भागांची रेघ १६७ वरून शंभरावर कोसळून २०८ वर गेली हे डोळ्यांसमोर आले की १०८ टक्के वाढीतला मोठा भाग नुकसान भरून निघण्याचा होता, हे कोणालाही कळते. २०८ ला १६७ ने भागले की पुन्हा तीच २५ टक्के वाढ मिळते. एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला मूळ हिशेबवही लागत नाही, निर्देशांकाला निर्देशांकाने भागणे पुरते.

आलेख तयार करणाऱ्याने एकाच वर्षावर विसंबू नये. २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन वर्षांची सरासरी शंभर धरता येते. २०१९-२० मध्ये तिघांची उलाढाल ७६०, ४४ आणि १०८ कोटी धरली, तर २०२३-२४ चे निर्देशांक ११८, १३८ आणि १३२ येतात. डाळ मिल पुढेच राहते, पण अंतर खूप कमी होते आणि माझ्या मते तेच जास्त प्रामाणिक चित्र आहे. संगणकावर पहिल्या ओळीत नावे, त्याखाली A स्तंभात २०१८-१९ पासूनची वर्षे आणि B, C, D या स्तंभांत उलाढाल असेल, तर वेगळ्या तक्त्यात पहिल्या घरासाठी हे सूत्र लिहून खाली आणि उजवीकडे ओढावे:

```
=B2/B$2*100
```

`$` राहून गेला की प्रत्येक आकडा स्वतःनेच भागला जातो आणि सगळ्या रेघा शंभरावर सपाट दिसतात. चूक ओळखण्याची हीच खूण आहे. २०२०-२१ पायाभूत करायचे असेल, तर `B$2` ऐवजी `B$4` लिहावे.

उलाढालीच्या निर्देशांकात भावही मिसळलेला असतो, हे रोलिंग मिलच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागते. २०२१ मध्ये पोलादाचे भाव जगभर चढले होते, त्यामुळे तेवढाच माल विकूनही तिची रेघ वर गेली असती. मिलचे काम वाढले का हे पाहायचे असेल, तर विकलेल्या टनांची मालिका वेगळी शंभरावर आणून उलाढालीच्या रेघेशेजारी ठेवावी. दोन्हींमधले अंतर भावाचे असते, किंवा मालाचा प्रकार बदलल्याचे.

नफ्याच्या बाबतीत ही पद्धत बहुतेक वेळा थांबवावी लागते. पायाभूत वर्षी तोटा असेल, तर भागाकाराचे चिन्ह उलटते आणि पुढच्या वर्षीचा नफा ऋण निर्देशांक म्हणून दिसतो. नफा शून्य असेल, तर भागाकार होतच नाही, आणि तो २० लाखांइतका किरकोळ असेल, तर पुढच्या वर्षीचे दोन कोटी हजारावर जाऊन बाकीच्या सगळ्या रेघा तळाशी चिकटवतात. अशा ठिकाणी नफा उलाढालीच्या टक्केवारीत, वेगळ्या आलेखावर दाखवावा.