चार महिन्यांची लाईट एकाच महिन्यात जाळली म्हणे!

डोकं फिरलंय नुसतं. परभणीत आमचं साधं घर, दोन पंखे, फ्रीज, उन्हाळ्यात एक कूलर, बस. आणि ऑगस्टचं लाईट बिल हातात पडलं तर त्यात 480 युनिट!

मे, जून, जुलै तीन महिने बिलावर चालू रिडिंगच्या जागी फक्त आरएनए छापून यायचं, म्हणजे रिडिंग मिळालंच नाही, अन् सरासरीनं 60-60 युनिट लावलेले. मीटर गेटच्या बाहेर भिंतीवर आहे हो, कुलूप नाही, कुत्रं नाही, रस्त्यावरून दिसतं, तरी तीन महिने कुणी फिरकलंच नाही. ऑगस्टला एकदाचं खरं रिडिंग घेतलं, मागील 5830, चालू 6310, फरक 480. आकडा खरा आहे, मी मीटर पाहून आलो. वापरली तेवढी लाईट आम्ही वापरली, पण चार महिन्यांत वापरली ना! महिन्याला 120 पडतात.

चीड येते ती इथंच. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 चा दर त्याच्या दुपटीहून जास्त, 300 च्या पुढं अजून महाग. चार महिन्यांत वाटलं तर दर महिन्याचे 100 धरून 400 युनिट स्वस्तात बसतात अन् फक्त 80 दुसऱ्या स्लॅबला जातात. यांनी काय केलं, सगळे 480 एकाच महिन्याचे धरले, 100 पहिल्याला, 200 दुसऱ्याला अन् 180 थेट तिसऱ्याला! तिसऱ्या स्लॅबात आम्ही जन्मात गेलो नाही. आधी भरलेल्या सरासरी बिलांचे पैसे वजा दाखवलेत, ते ठीक, पण ते पैसे स्वस्त दरानंच भरलेले होते, त्यानं स्लॅबचा फटका कुठं भरून निघतो?

अन् एवढ्यावर थांबत नाही. इंधन समायोजन आकार पण स्लॅबप्रमाणं चढत्या दरानं, म्हणजे चुकीच्या स्लॅबवर तो पण जास्त, आणि मे महिन्यात जाळलेल्या युनिटला ऑगस्टचा दर. मग या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे त्यांच्या चुकीवरचा टॅक्स पण आम्हीच भरायचा. स्थिर आकार तर कुणी रिडिंग घ्यायला येवो न येवो, दर महिन्याला वसूल.

ऑफिसला गेलो तर खिडकीतला म्हणायलाय, सिस्टीमनं काढलंय भाऊ, आधी भरा मग अर्ज द्या. काऊन भरू आधी? माझी आई बिल घेऊन शेजारच्या मावशींना विचारायलीय की आपण काय चोरीची लाईट वापरली का म्हणून, तिला रात्री झोप नाही लागली.

अर्ज लिहिलाय आज, मे ते ऑगस्टची चारही बिलं जोडली, मीटरचा तारखेसकट फोटो लावला, अन् एकच मागणी ठेवली, 480 ला 4 नं भागा अन् स्लॅब परत लावा. उद्या सकाळी आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही मी.