मुदतवाढीचं पत्र: विनवणी नको, हिशेब द्या

मृदाशास्त्राच्या एका नियतकालिकासाठी मी सहसंपादक म्हणून काम करते, त्यामुळे रिव्हिजनची मुदत वाढवून मागणारी पत्रं नेहमी वाचनात येतात. "काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब होत असून कृपया शक्य तितकी मुदत वाढवून द्यावी." निम्म्याहून अधिक पत्रांत एवढंच असतं. लिहिणारा बहुधा खरोखर अडचणीत असतो, पण अडचण कोणती आणि ती कधी संपणार, हे कळत नाही. मग मी होकार कशाच्या आधारावर देऊ?

संपादकाच्या टेबलावर काय चाललेलं असतं, ते आधी सांगते. मेजर रिव्हिजनसाठी बरीच नियतकालिकं दोन-तीन महिने देतात. सुधारित पेपर आला की तो शक्यतो त्याच रिव्ह्यूअरकडे परत जातो. फार उशीर झाला की पहिलं वाचन त्यांच्या डोक्यातून निघून जातं, काही जण नकार कळवतात, आणि नवा रिव्ह्यूअर नव्याच शंका काढतो. त्यात तारीख उलटली की अनेक ठिकाणी प्रणालीतली रिव्हिजनची लिंक बंद होते आणि पेपर नवा म्हणून धरला जातो, नव्या क्रमांकाने. दोन-तीन आठवडे वाढवून देणं मात्र आम्हाला मुळीच जड नसतं.

आमच्या विभागातल्या एका पीएच.डी. विद्यार्थिनीचं उदाहरण घ्या. काळ्या जमिनीचे ४८ नमुने. पोत तिने हाताने चोळून ठरवला होता. रिव्ह्यूअर क्रमांक २ म्हणाले, पिपेट पद्धतीने मोजा. मागणी रास्त होती. पण हे काम घाईने होत नाही. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सेंद्रिय पदार्थ जाळायचे, फेस थांबेपर्यंत. मग सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटमध्ये रात्रभर हलवत ठेवायचं, म्हणजे कण सुटे होतात. २० अंश तापमानाला दोन मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास लागतात, तेव्हा कुठे क्लेचा नमुना उचलता येतो. तो १०५ अंशांना ओव्हनमध्ये वाळवून तोलायचा. आठ नमुन्यांच्या एका खेपेला तिचे चार दिवस जात होते.

मुदत ३० जूनची. तिच्या पहिल्या मसुद्यात आजारपण, वीज, परीक्षेच्या ड्यूट्या असं सगळंच होतं. ते सगळं काढून, २० जूनला तिने जे पाठवलं ते इंग्रजीत होतं, आशय असा:

"आदरणीय संपादक, आमच्या पेपरच्या (क्रमांक विषयात दिला आहे) रिव्हिजनची मुदत ३० जून आहे. ती १६ जुलैपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती. रिव्ह्यूअर २ यांच्या सूचनेनुसार आम्ही सर्व ४८ नमुन्यांचा पोत पिपेट पद्धतीने मोजत आहोत. १६ नमुने पूर्ण झाले आहेत. उरलेल्या चार खेपांना प्रत्येकी चार दिवस लागतील, म्हणजे मोजणी ६ जुलैला संपेल. नवी सांख्यिकी आणि सहलेखकांचं वाचन यांसाठी आठ दिवस, आणि दोन दिवस राखीव धरले आहेत. बाकी सर्व सूचनांना उत्तरं लिहून तयार आहेत."

यातली प्रत्येक ओळ मला काहीतरी कळवते. उशीर रिव्ह्यूअरच्याच मागणीतून आला आहे, काम सुरू आहे, आणि १६ जुलै ही तारीख हवेतून आलेली नाही. सोळा, आठ आणि दोन दिवसांची बेरीज कुणीही करून पाहावी. मोजणी झालेले १६ नमुने तर माझ्या मते सगळ्यात बोलके आहेत, कारण कामाला हातच न लावलेला माणूस असा आकडा देऊ शकत नाही.

कारण घरगुती असेल तर? घरात कुणी रुग्णालयात असेल, तर तेवढं एक वाक्य पुरे. आजाराचं नाव, रिपोर्ट, प्रमाणपत्र काही जोडू नका; एवढ्यासाठी संपादकाने पुरावा मागणं मला असभ्य वाटतं. तारीख मात्र इथेही द्याच. कारण खासगी ठेवता येतं, तारीख नाही.

पत्र करस्पाँडिंग ऑथरनेच पाठवावं, तेही मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी. शेवटच्या रात्री आलेलं पत्र खरं असलं तरी सबबीसारखं वाचलं जातं. आणि मागायचंच तर एकदाच, पुरेसं मागा. भिडेखातर एक आठवडा मागून पुन्हा दुसरा मागणाऱ्याच्या तिसऱ्या तारखेवर माझा विश्वास उरत नाही.

तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर संपादकीय कार्यालयालाही लिहा, आणि लेखी होकार हातात येईपर्यंत जुनीच तारीख खरी धरा. होकारानंतर प्रणालीत नवी तारीख दिसते का, तेही उघडून बघा. संपादक ईमेलवर हो म्हणतात आणि प्रणालीत बदल करायचा राहून जातो, असं होतं.