बसवणीचा दोष म्हणे!

शेडच्या पत्र्यांच्या तक्रारीवर आज पुरवठादाराचं उत्तर आलं. अख्ख्या एका ओळीचं. ‘सदर दोष बसवणीतील चुकीमुळे व प्रतिकूल हवामानामुळे झाल्याचे दिसते, सबब वॉरंटी लागू नाही.’ दिसते? कुठून दिसलं? छपरावर तर यांचा माणूस चढलेलाच नाही!

शेडचे रंगीत पत्रे, वॉरंटी दहा वर्षांची. तिसऱ्याच वर्षी रंगाचे पोपडे सुटायला लागले. पुढे उघड्या धातूवर पांढरी भुकटी, मग तांबूस डाग. आणि खापर कुणावर, तर आमच्या मिस्त्रीवर. हा माणूस काम चालू असताना रोज संध्याकाळी खाली उतरण्याआधी मऊ झाडूने ड्रिलचा कीस झाडून काढायचा. लोखंडाचा तो कीस रात्रभर दवात राहिला की गंजतो आणि पत्र्यावर डाग पाडतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. झाडू मारतानाचा त्याचा फोटो माझ्याकडे आहे. तो आज पुन्हा पाहिला आणि डोकंच फिरलं.

मान्य, काही मिस्त्री पत्रा ग्राइंडरने कापतात आणि ठिणग्यांनी रंग जाळतात. असतात असे. पण बसवणीचा दोष असेल तर गंज कुठून सुरू होतो? स्क्रूच्या भोवती, कापलेल्या कडेला, किसाच्या ठिपक्यांतून. आमच्याकडे या तिन्ही जागा स्वच्छ आहेत. पोपडे सुटलेत ते पत्र्याच्या मधल्या सपाट भागात, जिथे ना ड्रिल लागलं ना करवत. तिथे ब्लेडने फुलीची चीर पाडली, चिकटपट्टी दाबून लावली आणि ओढली, तर रंगाचा पापुद्राच्या पापुद्रा पट्टीबरोबर आला आणि खाली चकचकीत धातू. म्हणजे रंगाने धातूला नीट धरलंच नव्हतं. ही पकड कारखान्यात बसते, रंगाआधी धातू धुऊन प्रायमर लावतात तेव्हा. मिस्त्रीच्या हातात पत्रा येतो तो रंगवूनच.

आता खरी गंमत. आमच्या मालात दोन वेगळ्या कॉइलचे, म्हणजे कारखान्यातल्या दोन वेगळ्या गुंडाळ्यांचे पत्रे आले होते. खालच्या बाजूला कॉइल नंबर बारीक छापलाय. सोललेले सगळे पत्रे एकाच नंबरचे. त्यांना खेटून बसलेले दुसऱ्या नंबरचे पत्रे, तोच मिस्त्री, तेच स्क्रू, तोच उतार, तोच पाऊस, आजही धडधाकट. तुमचं ते प्रतिकूल हवामान काय कॉइल नंबर वाचून हल्ला करतं?

म्हणून आता सविस्तर पत्र लिहितोय, पुरवठादाराला आणि ज्याच्या नावाने वॉरंटी कार्ड आहे त्या उत्पादकालाही. सुरुवातीला बिल, कार्ड आणि दोन्ही कॉइल नंबरचे फोटो. मग छपराचा नकाशा, त्यावर कुठल्या जागी कुठल्या कॉइलचा पत्रा आणि त्यातले कुठले सोललेत ते रंगवलेलं. पत्राचा सगळा जीव या एका पानात आहे.

बसवणीचा पुरावा वेगळा जोडलाय. एक मीटरची लेव्हल पट्टी आडवी धरली तर खालच्या टोकाला साडेसतरा सेंटीमीटर फट पडते, म्हणजे उतार जवळजवळ दहा अंश. कार्डात किमान पाच मागितलाय. मोजपट्टीसकट फोटो. आणि हो, झाडूवाला फोटोही. मूळ फाइलच द्यायची, व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली नाही, कारण फोटो काढल्याची तारीख-वेळ त्यात पुसली जाते.

हवामानासाठी जवळच्या केंद्रातल्या नोंदी, पत्रे बसवले तेव्हापासूनच्या: पाऊस, तापमान, वाऱ्याचा वेग. केंद्र काही आमच्या छपरावर नाही, हे तेही म्हणतील. म्हणू देत. वाऱ्याने नुकसान झालं तर स्क्रूची भोकं लांबट होतात, कडा वाकतात. आमची भोकं गोल आहेत, जवळून काढलेले फोटो आहेत.

ती एक ओळ टाइप करणाऱ्या पोरावर खरं तर माझा राग नाही. त्याला तेवढंच पाठवायला सांगितलं असणार. राग आहे तो न बघता निकाल देण्यावर. म्हणून पत्रात पहिली मागणी संयुक्त तपासणीची, लेखी तारीख देऊन. तोवर एकही पत्रा काढणार नाही आणि रंगाचा हातही मारणार नाही. पुरावा आपल्याच हाताने झाकायचा आणि वर ‘तुम्हीच रंगवलंत’ हेही ऐकायचं, कशाला? तपासणीच्या दिवशी मिस्त्रीही शिडी धरून हजर राहणार आहे, स्वतःहून म्हणाला.

दुसरी मागणी, त्या कॉइलचे सगळे पत्रे बदलून द्या. अजून न सोललेलेसुद्धा. तिसरी, काढण्या-बसवण्याची मजुरी. कार्डात बारीक अक्षरात लिहिलंय की मजुरी वॉरंटीत येत नाही. ठीक आहे, लिहिलंय. तरी मागितलीय. नाही म्हणायचं असेल तर तेही कारणासकट लेखी द्यावं लागेल, आणि या वेळी छपरावर चढून.