मालक वार

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी थकबाकीची यादी व्हॉट्सॲपवर टाकली. एक्सेलची फाइल नाही, फाइलचा स्क्रीनशॉट. चोवीस फ्लॅट एका पानात बसावेत म्हणून आधी ४० टक्क्यांवर लहान केलेली, मग व्हॉट्सॲपने आपल्या परीने आणखी दाबलेली. मूळ फाइल ज्या लॅपटॉपवर आहे तो काकांच्या मुलाबरोबर बंगळुरूला. मी खजिनदार, त्यामुळे "वहीत उतरवून घ्या जरा" हे ओघानेच आलं.

दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मुंगी भिंगाखाली धरली की मोठी मुंगी दिसते. इथे अक्षरांऐवजी करड्या रंगाच्या चौकोनी विटा दिसू लागल्या. चित्रात जे ठिपके उरलेलेच नाहीत ते ताणून कुठून येणार? उलट, फोन थोडा लांब धरला तेव्हा आकडे जास्त ओळखू आले. चाळिशीचा असाही उपयोग.

फ्लॅट २०३ च्या एकूण रकमेच्या जागी `#####`. इथे मात्र मी एक्सेलला मानतो. रकाना अरुंद असला की तो नाव मुकाट्याने कापतो, पण रुपयांची रक्कम अर्धी दाखवत नाही. १२,५०० चे कुणी १२ वाचले तर? म्हणून सरळ जाळी लावून टाकतो. जाळीमागची रक्कम शेजारच्या रकान्यांतून निघाली: देखभाल ३,०००, पार्किंग ३००, दंड २००. झाले ३,५००.

मग सगळ्यांची बेरीज मारली. यादीच्या तळाशी ठळक अक्षरांत ६१,४०० होते, माझे आले ६०,९००. बरोब्बर पाचशे कमी! इतका गोल फरक म्हणजे शतकाच्या घरात 8 चा 3 वाचलेला असणार, कारण पुसट चित्रात 8 ची डावी बाजू दिसली नाही की उरतो 3. शतकाच्या घरात 3 असलेल्या दोनच रकमा मी उतरवल्या होत्या. ३०२ चे २,३०० आडव्या बेरजेला बरोबर जुळले. १०४ चे मी ३,३५० लिहिले होते, पण देखभाल ३,०००, पार्किंग ३५० आणि दंड ५०० मिळून होतात ३,८५०. म्हणजे चूक माझ्या वाचण्यातच निघाली.

राहिला शेरा. त्याला ना आडवी बेरीज, ना उभी. ४०१ पुढे लिहिलं होतं, "मालक वार", आणि तिथे स्क्रीनशॉटची कड. वारंवार बाहेरगावी असतात की वारले? र वर अनुस्वार आहे की नुसता ठिपका, हे ठरवण्यात पाऊण तास गेला. बायको म्हणाली, "अहो, फोन लावा ना सरळ."

लावला. गंभीर आवाजात म्हटलं, "सोसायटीतून बोलतोय. मालकांबद्दल कळलं..."

"काय कळलं?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मीच मालक बोलतोय!"