दाराबाहेरचे तज्ज्ञ

माझ्या तपासणीच्या खोलीची कडी कित्येक आठवडे तुटलेली होती. चूक माझी, मी ती कबूल करते. बाकी सगळ्याचं श्रेय काकांना.

हे काका कुणाच्या मुलाला घेऊन आलेले नसतात. ते शेजारच्या इमारतीत राहतात आणि सकाळी माझ्या दवाखान्यात वर्तमानपत्र वाचायला येतात, कारण त्यांच्याच शब्दांत, 'इथला पंखा बरा आहे'. कडी तुटल्यापासून दार चार बोटं उघडं राहायला लागलं, आणि त्यांची वाचनासोबत श्रवणाचीही सोय झाली.

तर एके दिवशी पावणेतीन वर्षांची, 12 किलोची एक मुलगी आली. चार-चार, पाच-पाच दिवस शी नाही. झालीच तर एवढी जाड आणि कडक, की आईला प्रश्न पडावा, ही एवढ्याशा मुलीतून आली कशी. वर गेले दोन आठवडे चड्डीला सतत पातळ डाग.

"कुंथून कुंथून लालेलाल होते हो," आई सांगत होती. "सोफ्यामागे जाऊन उभी राहते. टाचा वर, पाय एकमेकांत अडकवलेले, अंग ताठ. घाम फुटतो तिला. पण होतच नाही."

"जोर कमी पडतोय!" बाहेरून निकाल आला.

मी दुर्लक्ष केलं. आईला म्हटलं, "ती कुंथत नाहीये. ती रोखतेय."

हे वाक्य मी आठवड्यातून निदान दोनदा म्हणते आणि दर वेळी समोरचा चेहरा तसाच होतो. पोर लाल झालंय, घामाघूम झालंय, म्हणजे बाहेर ढकलायचा प्रयत्न चाललाय, असंच कुणालाही वाटणार. आईलाही पटेना. आणि तेवढ्यात दार सरकलं, काका वर्तमानपत्रासकट उंबऱ्यात उभे. "रोखतेय? दोन वर्षांचं पोर? डॉक्टरीणबाई, तुम्हाला मुलं आहेत का?"

या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. हाडाच्या डॉक्टरला कुणी विचारत नाही, की तुमचं हाड कधी मोडलंय का.

"काका," मी म्हणाले, "टाचा उचला."

"काय?"

"टाचा उचला. गुडघे ताठ. आता मांड्या एकमेकींवर घट्ट दाबा. ढुंगणही आवळा. हां. आता शीसाठी जोर लावून दाखवा."

बाहेर बाकावर बसलेल्या चार आया आणि एक आजोबा मान वळवून बघायला लागले. काकांनी वर्तमानपत्र काखेत मारलं, दाराची चौकट धरली आणि मनापासून प्रयत्न केला. त्यांचा रंग बदलला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जमत नाही हो," ते शेवटी म्हणाले.

"आता उलट करा. जोराची लागलीय आणि रोखायचंय."

काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते जमतंय."

आई हसली. पोरगी तर टाळ्या पिटायला लागली, कारण कुणीतरी मोठ्या माणसाने तिचाच खेळ केला होता. शी करायला शरीर खाली बसतं, गुडघे दुमडतं, पुढे झुकतं. ताठ पाय, टाचा वर, कोपरा गाठणं, ही सगळी झडप बंद ठेवायची धडपड. मूल कळ संपेपर्यंत तग धरतं आणि मग काहीच घडलं नसल्यासारखं खेळायला जातं.

हे ते का करतं? एकदा दुखलं म्हणून. बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. कधीतरी ताप आला, पाणी कमी पडलं, एक कडक शी झाली, गुदद्वाराला छोटी चीर पडली. मोठा माणूस म्हणतो, दुखेल पण उरकून टाकू. पावणेतीन वर्षांचं मूल म्हणतं, मग करायचीच नाही. दिसायला निर्णय शहाणपणाचा. पण आत थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी मोठी आणि कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, आणि मुलाला वाटतं, बघा, मी म्हणत होतो ना.

मी कागदावर मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक काढलं, ताणून फुगलेलं. काका मागून डोकावले. "ही पिशवी आहे का?" खरं तर तशीच होते ती. महिनोन्महिने भरलेली राहिली की सैल पडते आणि भरल्याची कळ मेंदूला नीट पोचेनाशी होते. मग कडक गोळ्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपते आणि चड्डीला लागते, पोराच्या नकळत.

"म्हणजे जुलाब," काका म्हणाले. "मग पोट साफ करायचं औषध कशाला? आपोआप होतंय की."

इथे मात्र मला खरंच राग आला, कारण याच समजुतीपायी आईने दोन आठवडे जुलाब थांबवायचं औषध दिलं होतं. तेही कुणीतरी असंच दाराबाहेरून सांगितलेलं. शिवाय घरात तिला 'घाणेरडी' म्हटलं गेलं होतं. जे तिला कळतही नाही, त्याबद्दल.

तपासण्यात फार नाट्य नव्हतं. ओटीपोटावर बोटं ठेवली तर कडक गोळा हाताला लागला. एक्स-रेची गरज नव्हती. जन्मानंतर पहिली काळी शी 48 तासांच्या आत झाली होती, वजन-उंची नीट वाढतेय, हिरवी उलटी नाही, पोट फुगून टणक नाही, पाठीच्या खालच्या टोकाला खळगा किंवा केसांचा झुपका नाही, चालणं ठीक. यातलं एकही बिघडलेलं असतं, किंवा हा त्रास जन्माच्या पहिल्या महिन्यातच सुरू झालेला असता, तर गोष्ट वेगळ्या वाटेने गेली असती. इथे आतड्याची रचना शाबूत होती. अडलं होतं ते भीतीमुळे.

औषध पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर. आधी साठलेला गोळा काढायचा: किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम, 3 ते 6 दिवस. हिच्या 12 किलोला मी दिवसाला 15 ग्रॅम दिलं, दोन वेळांत विभागून, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पूर्ण पाण्यात. पाणी कमी केलं तर औषध निम्मं वाया, कारण त्याचं काम पाणी धरून ठेवणं हेच आहे. या दिवसांत चड्डी आधीपेक्षा जास्त खराब होते आणि घाबरून लोक नेमकं तेव्हाच थांबवतात. थांबवायचं नाही. गाठी संपून पातळ यायला लागलं की मग रोजचा डोस, किलोमागे साधारण 0.4 ग्रॅम, म्हणजे हिला 5 ग्रॅमच्या आसपास. शी घट्ट लगद्यासारखी, मऊ हवी. फार पातळ झाली तर थोडं कमी, कडक झाली तर थोडं जास्त, पण बदल केल्यावर दोन-तीन दिवस वाट बघायची. (हे आकडे या मुलीचे. तुमच्या मुलाचे त्याला तपासणारा ठरवेल, काका नव्हे.)

"सवय लागेल," काका. मला वाटतच होतं.

हे औषध आतड्याला चाबूक मारत नाही. ते शरीरात जवळपास शोषलंच जात नाही, पाणी धरून शीसोबत बाहेर पडतं. या प्रकरणात सवय एकाच गोष्टीची लागलीय, रोखण्याची. आणि ती सुटते फक्त ओळीने पुष्कळ न दुखणाऱ्या शी झाल्यावर. समजावून सुटत नाही. मी अनेक वर्षं समजावून पाहिलंय.

मग पॉटीचा विषय. दीड महिन्यापूर्वी शाळेने 'डायपर सुटल्याशिवाय पाठवू नका' म्हणून सांगितलं आणि घरात युद्धपातळीवर प्रशिक्षण सुरू झालं. शाळांना काय जातं सांगायला. भीतीच्या ऐन भरात मुलाला पॉटीवर अर्धा-अर्धा तास बसवून ठेवलं की पॉटी म्हणजे दुखण्याची जागा, हे पक्कं होतं.

"डायपर परत चालू करा," मी म्हणाले.

"मागे जायचं?" काकांना हा राष्ट्रीय अपमान वाटला असावा.

हो, मागे. सध्या शी कुठे होते यापेक्षा होते हे महत्त्वाचं. डायपरमध्ये करायची तर करू दे, फक्त सोफ्यामागे नको, न्हाणीघरात. ते सवयीचं झालं की डायपर घालूनच पॉटीवर, झाकण बंद. मग झाकण उघडून. मग डायपर सैल. काही मुलांच्या डायपरला खालून भोक पाडावं लागतं. हसू नका, चालतं. पायरी तेव्हाच चढायची, जेव्हा आधीची काही दिवस विनाकटकट जमलीय. कडक शी झाली किंवा पुन्हा टाचा उचलल्या तर एक पायरी खाली. बसायची वेळ जेवणानंतरची, कारण पोट भरलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. पाच मिनिटं, बस. फुगा किंवा साबणाचे बुडबुडे फुंकायला द्यायचे. फुंकताना पोटाचा स्नायू दाबला जातो आणि मुलाला जोर लावल्याचं कळतही नाही. कौतुक बसल्याबद्दल करायचं, शी झाल्याबद्दल नाही. नाहीतर रोखणाऱ्या मुलाच्या हाती आपण घराची किल्लीच देतो.

मी श्वास घ्यायला थांबले आणि पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "पाय लटकले तर जोर कुठून येणार? खाली पाट द्या."

हेच. हेच मी बोलणार होते. पाय टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. आईने इतका वेळ वही उघडली नव्हती. आता तिने ती काढली, लिहिलं आणि काकांना म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत."

पंचवीस मिनिटं मी बोलत होते.

सात आठवड्यांनी ती परत आली. पहिले तीन आठवडे छान, रोज मऊ शी, डाग बंद. मग औषध बंद केलं. पुन्हा सोफ्यामागे, पुन्हा टाचा वर.

"का बंद केलंत?"

"एवढी छान झाली होती. आणि त्या दिवशी काका म्हणाले ना, सवय लागते."

पाट दिला होता मात्र. तो अगदी नियमाने.

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहते. शी मऊ झाली म्हणजे पिशवी आवळली असं नाही. औषध निदान दोन महिने चालतं, सगळं सुरळीत होऊन पूर्ण एक महिना गेल्याशिवाय कमी करायला घ्यायचं नाही, आणि घेतलं तरी हळूहळू. त्यातून पॉटीचं शिकणं चालू असेल तर ते पुरं होईपर्यंत थांबायचं. आम्ही पुन्हा 15 ग्रॅमपासून सुरुवात केली. ते आठवडे वाया गेले, आणि मुलीच्या खाती तेवढी दुखणारी शी जमा झाली. याचं बिल कुणाला लावायचं?

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली. काकांनी बाहेरून त्याला स्क्रू कसा पिळायचा ते सांगितलं.