हिरवा शिक्का आणि आयर्विन पुलाखालचा बगळा

"पक्षी दिसो की फूल, फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाका. हिरव्या अक्षरांत Research Grade आलं की ओळख शंभर टक्के पक्की, कारण ती शास्त्रज्ञांनी तपासलेली असते. नाव तर अ‍ॅपच सांगतं. पुस्तकं उघडायची गरजच नाही!"

हा निरोप सांगली-साताऱ्याच्या पक्षी आणि फुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला.

आधी शास्त्रज्ञांचं बघू. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर खातं उघडलेली कुणीही व्यक्ती दुसऱ्याच्या फोटोला नाव देऊ शकते. त्यात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असतात, तशी परवा खातं उघडलेली शाळकरी मुलंही असतात, आणि नियमाच्या लेखी दोघांचं मत सारखंच मोजलं जातं. नोंदीला तारीख, ठिकाण आणि फोटो किंवा आवाज असावा, प्राणी पाळलेला किंवा झाड लावलेलं नसावं, आणि किमान दोन मतं येऊन त्यांतली दोन-तृतीयांशांहून जास्त एकाच प्रजातीवर जुळावीत. एवढं झालं की शिक्का मिळतो. म्हणजे फोटो टाकणारा आणि दुसरा एक, अशी दोनच माणसं पुरतात. त्या दुसऱ्याने फोटो मोठा करून पाहिला की नुसतं Agree दाबलं, हे शिक्क्यावरून कळत नाही.

याचा अनुभव मला जानेवारीत आला. सांगलीत आयर्विन पुलाखाली काढलेल्या एका पांढऱ्या बगळ्याच्या फोटोवर Great Egret, म्हणजे मोठा बगळा, असं नाव होतं आणि वर हिरवा शिक्का होता. कृष्णेच्या काठावर मोठा बगळा आणि मध्यम बगळा दोन्ही दिसतात. शेजारी दुसरा पक्षी नसेल, तर एकट्या बगळ्याच्या फोटोवरून आकाराचा अंदाज करण्यात अर्थ नाही. चोचीचा रंगही विणीच्या काळात बदलतो. भरवसा ठेवावा असं एक लक्षण आहे. चोच जिथे मिटते, तिथून एक काळपट रेघ गालावर मागे जाते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाऊन संपते, मध्यम बगळ्यात डोळ्याच्या खालीच थांबते. फोटो मोठा केला तर रेघ डोळ्याखालीच थांबलेली स्पष्ट दिसत होती. मानेलाही मोठ्या बगळ्यासारखा गुडघ्यासारखा ठळक बाक नव्हता. तो मध्यम बगळा होता.

अशा वेळी नोंदीखालची मतं क्रमाने वाचावीत. इथे पहिल्या मताशेजारी एक छोटं चिन्ह होतं. नाव अ‍ॅपच्या सुचवण्यांतून निवडलं की ते चिन्ह येतं. दुसरं मत काही मिनिटांत आलेलं, सोबत एक शब्दही नाही. म्हणजे बगळ्याकडे नीट कुणी पाहिलंच नव्हतं. यंत्राने एक नाव पुढे केलं, एकाने ते उचललं, दुसऱ्याने मान डोलावली. अ‍ॅपची सुचवणूक कामाची आहे, मीही वापरते. पण ती आधी लोकांनी नावं दिलेल्या फोटोंवरूनच शिकलेली असते, त्यामुळे जिथे माणसांची गल्लत होते तिथे तिचीही होते. तिने दिलेली चार-पाच नावं म्हणजे उमेदवारांची यादी. त्यांतला कोण, हे त्या रेघेसारख्या लक्षणावरून आपणच ठरवायचं, आणि ते लक्षण पक्ष्यांच्या पुस्तकातच सापडतं.

"शंभर टक्के" या शब्दाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. मी Medium Egret असं मत दिलं आणि रेघेबद्दल दोन ओळी लिहिल्या. (जुन्या पुस्तकांत हाच पक्षी Intermediate Egret नावाने आहे. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या एका प्रजातीच्या तीन केल्या, तेव्हा आपल्याकडच्याला हे नाव मिळालं. पक्की झालेली नावंही अशी बदलतात.) आता तीनपैकी दोन मतं मोठ्या बगळ्याची राहिली. दोन-तृतीयांश बरोबर झाले, पण हवेत त्याहून जास्त, म्हणून शिक्का लगेच उतरला. शिक्का एका मताने जातो. परत यायला मात्र वेळ लागतो. ती दोन मतं हललीच नसती, तर मध्यम बगळ्याला पाच मतं लागली असती, कारण सहात चार म्हणजे पुन्हा बरोबर दोन-तृतीयांश. न पाहता दाबलेल्या दोन बटणांना डोळे उघडे ठेवून पाहणारी पाच माणसं शोधायची!

मग पक्षीनोंदींसाठीचं ईबर्ड वापरावं, असं काही जण म्हणतात. पक्ष्यांसाठी ते उत्तम आहे, पण तिथली तपासणी वेगळी आहे. त्या भागात आणि त्या महिन्यात अनपेक्षित असलेली जात किंवा नेहमीपेक्षा फार मोठी संख्या आली, तर नोंद अडते आणि स्थानिक स्वयंसेवक ती तपासतो. सांगलीत दोन्ही बगळे नेहमीचे असल्याने ही गल्लत त्या चाळणीतून अलगद पुढे जाते. दुर्मीळ पक्ष्याची नोंद निदान कुणीतरी पाहिलेली असते, नेहमीच्या पक्ष्याची बहुधा कुणीच नाही.

फुलांची गोष्ट आणखी अवघड आहे. कासच्या सड्यावर पावसाळ्यात गेंदाची पांढरी बटणं पसरतात. गेंदाच्या बऱ्याच जाती वरून सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायला डोक्यातली बारीक फुलं उकलावी लागतात आणि बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. फोनवर वरून काढलेल्या एका फोटोत यातलं काहीच नसतं. म्हणून अशा फोटोवर थेट प्रजातीचं नाव दिसलं की मी शंका घेते, आणि कुणी "गेंद, इरिओकॉलॉन वंश, पुढे सांगता येत नाही" असं लिहून थांबलं असेल तर त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते. वनस्पतींसाठी ईफ्लोरा ऑफ इंडिया हे संकेतस्थळ मला म्हणूनच आवडतं. तिथे नावासोबत त्या नावापर्यंत पोचलेली चर्चाही ठेवलेली असते, कुणी काय पाहून काय म्हटलं ते वाचता येतं.

नाव बरोबर असूनही नोंद चुकीची असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाण गळून गेलेलं असतं. तो टाकताना लोक आजची तारीख आणि घरचं ठिकाण देतात, आणि सांगलीत जूनमध्ये पांढरा धोबी उगवतो. तो हिवाळी पाहुणा आहे. प्रजातीच्या पानावर आपला भाग निवडला की तिथला महिनावार आलेख दिसतो, त्यात जून रिकामा दिसला की दोनच गोष्टी संभवतात. एक तर फोटो जुना किंवा दुसरीकडचा आहे, नाहीतर तो इथे बारमाही राहणारा, काळ्या डोक्याचा आणि पांढऱ्या भुवईचा धोबी आहे. दुसरी शक्यता फोटो पाहून लगेच निकालात निघते, पहिलीसाठी फोटो टाकणाऱ्यालाच विचारावं लागतं. याउलट संकटग्रस्त वनस्पतींचं ठिकाण आयनॅचरलिस्ट मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दाखवतं. त्यामुळे सड्यावरचं रोप नकाशावर भलत्याच गावात दिसलं, तर ती चूक नव्हे.

बगळ्याच्या नोंदीचं पुढे असं झालं. फोटो टाकणाऱ्या दादांनी रेघ पाहिली, "ताई, मी आकारावरूनच ठरवलं होतं" असं लिहिलं आणि मत बदललं. तरी तीनात दोनच झाले. Agree दाबणारा परत आलाच नाही. मग मी प्रजातीच्या पानावर सर्वाधिक नोंदी ओळखणाऱ्यांची यादी असते ती उघडली, बगळ्यांच्या फोटोंखाली कारण लिहिणारी एक व्यक्ती शोधली आणि तिला त्या नोंदीवर बोलावलं. तिने रेघेसोबत चोचीचं काळपट टोकही दाखवून दिलं. चारात तीन झाले, आणि आता तिथे Medium Egret आहे.