एका रात्रीत दीड किलो चरबी वाढत नाही!

आज सकाळी डोकंच फिरलं माझं. भाची चार दिवस राहायला आलीय. सकाळी काट्यावर उभी राहिली आणि रडवेली होऊन बाहेर आली. "मावशी, कालपेक्षा एक किलो चारशे ग्रॅम जास्त!" समोर गरम पोहे होते, तिनं ताटली बाजूला सारली. दिवसभर नुसत्या काळ्या कॉफीवर राहणार म्हणे.

काल रात्री आम्ही मिसळ खाल्ली, फरसाण घालून, दोन-दोन पाव. वर मस्तानी. बस्स, एवढंच.

अगं, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.४ किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा जवळजवळ अकरा हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. एका मिसळीत आणि एका मस्तानीत त्या येणार कुठून? काटा दाखवतोय ते पाणी आहे. फरसाण-पापडातल्या मिठानं शरीर पाणी धरून ठेवतं. पाव आणि साखरेतून जी साखर यकृतात आणि स्नायूंत साठते, तिच्या दर ग्रॅममागे अंदाजे तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय रात्री उशिरा खाल्लेलं अजून आतड्यातच आहे. दोन-तीन दिवस नेहमीचं जेवण झालं की हे आपोआप उतरतं.

मी एवढी चिडले त्याला कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी इथे कोथरूडमध्ये एका जिममध्ये जायचे. तिथला ट्रेनर फक्त सोमवारी वजन घ्यायचा. सोमवारी! म्हणजे रविवारी सगळं घर बाहेर जेवून आल्यावर. आकडा वर दिसला की म्हणायचा, "मॅडम, एक पोळी कमी करा." असं करत करत तीन महिन्यांत मी दिवसाला एका पोळीवर आले होते. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि केसांचे पुंजके हातात यायचे.

त्यानंतर मी वही घातली. रोज सकाळी उठलं की शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच जागी ठेवलेल्या काट्यावर. आकडा लिहायचा आणि विसरायचा. त्या वहीतले हे दोन आठवडे बघा.

पहिला: ७१.८, ७१.४, ७१.६, ७२.९, ७२.३, ७१.७, ७१.५.
दुसरा: ७१.३, ७१.६, ७१.२, ७१.०, ७१.४, ७२.२, ७१.७.

दोन्ही आठवड्यांचा फक्त शेवटचा दिवस पाहिला तर वजन दोनशे ग्रॅम वाढलंय. त्या ट्रेनरनं आणखी एक पोळी काढली असती. पण सातही आकड्यांची बेरीज करून सातानं भागा: पहिल्याची सरासरी ७१.९, दुसऱ्याची ७१.५. चारशे ग्रॅम कमी! हा वेग असाच राहिला तर रोज साधारण ४४० कॅलरी कमी पडतायत असा अंदाज निघतो. मग काही काढायचंच कशाला? तो ७२.९ चा दिवस घरच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा होता, एवढंच.

सरासरी दोन-तीन आठवडे जागची हललीच नाही, ७१.५, ७१.४, ७१.५ अशी राहिली, तरच खाण्याला हात लावायचा. तोही थोडासा, दिवसाला १५० ते २०० कॅलरी. म्हणजे एखादी तेल लावलेली पोळी आणि फोडणीतलं चमचाभर तेल. मग पुन्हा दोन आठवडे थांबायचं. त्याआधी लिहिण्यात घोळ नाही ना, मधे चहाबरोबरची बिस्किटं आणि येताजाता खाल्लेले शेंगदाणे मोजलेत ना, हेही बघायचं.

आणि बायकांनो, पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाणी साठून सरासरीसुद्धा वर जाऊ शकते. म्हणून तो आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. त्या ट्रेनरनं मला हे एकदाही विचारलं नाही. कसं विचारणार, त्याला सोमवारच्या पलीकडे काही दिसतच नव्हतं.

मान्य आहे, काहींना रोजचा आकडा बघूनच धडकी भरते. त्यांनी आठवड्यातून तीन ठरलेल्या दिवशी करावं, अंदाज तेवढा पक्का येत नाही पण चालतो. आणि दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढून पाय सुजत असतील, धाप लागत असेल, तर सरासरीची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे जा.

लिहिता लिहिता राग उतरला जरा. भाची शेजारीच बसून माझी जुनी वही चाळतेय. त्या ७२.९ वर बोट ठेवून विचारते, "मावशी, या दिवशी तू काय केलंस?" म्हटलं, नेहमीसारखी जेवले. पोहे परत गरम करून दिलेत, वर ओलं खोबरं घातलंय. खातेय.